शून्य ते चार वयोगटातली पोकळी: एका लोकसंख्या प्रक्षेपणाचा प्रकरण अभ्यास

लोकसंख्येच्या प्रक्षेपणाकडे बहुतेक लोक एकूण आकड्यासाठी पाहतात: अमुक सालात इतके लाख. पण शाळा किती लागतील, प्रसूतिगृहात किती खाटा हव्यात, पेन्शन किती जणांना द्यावी लागेल, हे सगळे वयोरचनेवर ठरते. वयोरचना पुढे न्यायची सर्वमान्य रीत म्हणजे कोहॉर्ट पद्धत. एकाच पाच वर्षांच्या काळात जन्मलेल्यांचा गट म्हणजे एक कोहॉर्ट. हा गट दर पाच वर्षांनी एक पायरी वर चढतो आणि चढताना त्यातले काही जण गळतात. सर्वात खालची पायरी मात्र रिकामी होते. ती नव्या जन्मांनी भरावी लागते. पद्धतीचा गाभा एवढाच आहे.

१८९५ मध्ये एडविन कॅनन यांनी इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनांमधले वयोगट असे पुढे नेऊन पाहिले. १९२८ मध्ये पी. के. व्हेल्प्टन यांनी अमेरिकेसाठी ही रीत वापरली, आणि १९४५ मध्ये पी. एच. लेस्ली यांनी तीच आकडेमोड मॅट्रिक्सच्या रूपात मांडली. गणित तेव्हापासून फारसे बदललेले नाही. म्हणूनच माझे मत असे आहे की या कामातले खरे कौशल्य गुणाकारात नाही. पहिल्या ओळीत कोणता आकडा लिहायचा, ते ठरवण्यात आहे. खालचे प्रकरण त्या पहिल्या ओळीचे आहे.

प्रकरणातला प्रदेश आणि त्याचे आकडे अभ्यासासाठी रचलेले आहेत, पण त्यात दिसणारा दोष जगभरच्या जनगणनांमध्ये आढळतो. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत चार वर्षांपर्यंतची ५ टक्क्यांहून अधिक मुले मोजणीतून सुटली होती, असे तिथल्या जनगणना विभागाच्याच लोकसंख्याशास्त्रीय पडताळणीत दिसले. लहान मूल कधी आजीआजोबांकडे असते, कधी आईवडील दोघांच्या घरांत आलटूनपालटून राहते, कधी गजबजलेल्या एकत्र घरात प्रश्नांची उत्तरे देणाऱ्याला त्याची नोंद करायची सुचतच नाही. मोठ्या माणसाचा विसर सहसा पडत नाही. तान्ह्या बाळाचा पडतो.

आता प्रकरणाकडे येऊ. एका प्रदेशाची नुकतीच जनगणना झाली आहे. या वर्षाला आपण शून्य वर्ष म्हणू. स्थलांतर नगण्य आहे. पुढच्या दहा वर्षांसाठी शाळांचे नियोजन करायचे आहे आणि त्यासाठी वयोगटनिहाय प्रक्षेपण हवे आहे. जन्मांचे गणित स्त्रियांच्या संख्येवर चालते, म्हणून इथे फक्त स्त्रियांचा स्तंभ पाहू. पुरुषांचा स्तंभ स्वतंत्र जीवन सारणी, म्हणजे कोणत्या वयापर्यंत किती जण जगतात हे दाखवणारा तक्ता, घेऊन याच रीतीने वर चढतो.

मोजलेल्या स्त्रिया एकूण ४,६०,०००. खालून वर वयोगट असे आहेत: ०–४ मध्ये ३८,०००, ५–९ मध्ये ४४,०००, १०–१४ मध्ये ४६,०००, १५–१९ मध्ये ४६,०००, २०–२४ मध्ये ४४,०००, २५–२९ मध्ये ४१,०००, ३०–३४ मध्ये ३७,०००. तिथून आकडे हळूहळू उतरत जातात. ७५–७९ मध्ये ४,००० उरतात आणि ८० व त्यापुढच्या खुल्या गटात ३,०००.

हे आकडे पाहताना नजर तळाशी अडकायला हवी. ५–९ मध्ये ४४,००० आणि त्याखाली एकदम ३८,०००. याचे पहिले स्पष्टीकरण सोपे आहे: जन्म कमी झाले. या प्रदेशात प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुले होतात तो आकडा, खरोखरच उतरतो आहे, त्यामुळे ते पटतेही. इतके पटते की बरेच जण तिथेच थांबतात आणि ३८,००० हा आकडा तसाच पुढे नेतात. पण एवढ्या घसरणीसाठी जन्म किती कमी व्हायला हवे होते, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाणे मला मान्य नाही.

त्याआधी एका कोहॉर्टची चढण कशी मोजतात ते पाहू, कारण तपासणीत हीच पायरी उलटी उतरायची आहे. सूत्र असे:

```
N(x+5, t+5) = N(x, t) × L(x+5) / L(x)
```

`N` म्हणजे त्या वयोगटातली माणसे. `L` जीवन सारणीतून येतो. त्या पाच वर्षांच्या वयात सारणीतल्या लोकांनी मिळून जगलेली एकूण वर्षे म्हणजे `L`. दोन लागोपाठच्या `L` चे गुणोत्तर म्हणजे जगण्याचे गुणोत्तर. इथे सारणीतला `l`, म्हणजे नेमक्या विसाव्या किंवा पंचविसाव्या वाढदिवसाला हयात असलेल्यांचा आकडा, वापरायचा नाही. २०–२४ मधल्या सगळ्या स्त्रिया नेमक्या वीस वर्षांच्या नसतात, त्या पाचही वर्षांत पसरलेल्या असतात. तरुण वयात दोन्ही गुणोत्तरे जवळपास सारखी येतात, म्हणून ही चूक खपून जाते. सत्तरीपुढे मृत्यूचे प्रमाण वयाबरोबर झपाट्याने वाढते आणि तिथे फरक उघडा पडतो.

आपल्या प्रदेशात २०–२४ साठी हे गुणोत्तर ०.९९४ आहे. म्हणून आजच्या ४४,००० स्त्रियांपैकी पाच वर्षांनी २५–२९ मध्ये ४३,७३६ असतील. ७०–७४ साठी तेच गुणोत्तर ०.७७२ आहे, म्हणजे ७,००० पैकी ५,४०४ वर पोचतात. सर्वात वरचा खुला गट वेगळा हाताळावा लागतो, कारण त्याला वरची कड नाही. त्यात खालून नवे येतात आणि आधीचेही काही टिकतात. इथे ७५ च्या पुढच्या सगळ्यांना, म्हणजे ४,००० अधिक ३,००० यांना, मिळून ०.५४ या गुणोत्तराने गुणले की ३,७८० येतात. फक्त ७५–७९ चा गट वर सरकवला तर आधीच ऐंशी ओलांडलेल्या सगळ्या स्त्रिया एका फटक्यात कागदावरून नाहीशा होतात. पहिल्या पाच वर्षांनंतर वृद्धांचा आकडा एकाएकी घटलेला दिसला, तर सर्वात आधी इथे पाहावे.

आता तळाची तपासणी. ०–४ मधल्या मुली गेल्या पाच वर्षांत जन्मल्या. त्यांच्या आया आजही जनगणनेत आहेत, फक्त आता त्या पाच वर्षांनी मोठ्या झाल्या आहेत. म्हणून आयांना मागे न्यायचे. आज २०–२४ मध्ये ४४,००० आहेत, म्हणजे पाच वर्षांपूर्वी १५–१९ मध्ये ४४,००० भागिले ०.९९५, म्हणजे सुमारे ४४,२२१ होत्या. असे प्रत्येक वयोगटाचे करायचे आणि तेव्हाच्या व आताच्या संख्येची सरासरी घ्यायची. त्या पाच वर्षांत सरासरी किती स्त्रिया कोणत्या वयात होत्या, ते कळते.

दुसरी बाजू प्रजननाची. या प्रदेशात जनगणनेपासून स्वतंत्र अशी नमुना पाहणी झालेली आहे. तिच्यानुसार गेल्या पाच वर्षांत एकूण प्रजनन दर सरासरी २.२ होता आणि त्याआधीच्या पाच वर्षांत २.६. पाहणीतले वयनिहाय दर सरासरी स्त्रियांना लावले की वर्षाला १७,४२७ जन्म निघतात, पाच वर्षांत सुमारे ८७,१००. जन्माच्या वेळी १०० मुलींमागे १०५ मुलगे धरले तर त्यात ४२,५०० मुली येतात. जन्मापासून ०–४ वयोगटात टिकण्याचे गुणोत्तर ०.९६५ आहे. म्हणजे आज या वयाच्या सुमारे ४१,००० मुली असायला हव्यात. जनगणनेत ३८,००० आहेत. ३,००० मुलींचा हिशेब लागत नाही.

हेच उलट दिशेने करून पाहता येते. ३८,००० बरोबर आहेत असे धरून मागे गेलो तर गेल्या पाच वर्षांचा प्रजनन दर २.०४ येतो, पाहणी म्हणते २.२. पण ५–९ मधल्या ४४,००० मुलींवरून मागे गेलो तर त्याआधीच्या पाच वर्षांचा दर २.६१ येतो आणि तो पाहणीशी जुळतो. म्हणजे एका पायरीवर जनगणना आणि पाहणी एकमेकींना दुजोरा देतात, आणि तळाच्या पायरीवरच फाटतात. पाहणीच चुकीची असती तर तिने दोन्हीकडे घोळ घातला असता, अशीच शक्यता जास्त.

तरीही एका साक्षीवर ३,००० मुली वाढवणे मला धाडसाचे वाटते. दुसरी साक्ष मागच्या जनगणनेत आहे. दहा वर्षांपूर्वी ०–४ मध्ये ४३,४०० मुली मोजल्या होत्या. त्याच मुली आज १०–१४ मध्ये आहेत आणि आज त्या ४६,००० भरल्या. स्थलांतर नसलेल्या प्रदेशात कोहॉर्ट दहा वर्षांत वाढू शकत नाही. गुणोत्तर एकाच्या वर, १.०६ येणे केवळ अशक्य आहे. याचा अर्थ त्या मुली तेव्हाही होत्या, पण मोजल्या गेल्या नाहीत. मोठ्या झाल्यावर दिसू लागल्या. ४६,००० ना दोन पायऱ्या मागे नेले तर तेव्हा सुमारे ४६,६०० असायला हव्या होत्या, म्हणजे ६.९ टक्के सुटल्या. आजही तेवढ्याच प्रमाणात सुटल्या असतील असे मानले, तर ३८,००० ची खरी संख्या ४०,८०० येते. जन्मांच्या वाटेने ४१,००० आले होते. दोन वाटा वेगळ्या सामग्रीवरून निघाल्या आणि एकाच ठिकाणी पोचल्या.

हे गुणोत्तर एकाच्या वर गेल्यावर एक हमखास गैरसमज होतो, म्हणून थोडे थांबतो. स्थलांतराची स्वतंत्र नोंद नसेल तर ते बहुधा शिल्लकेवरून काढले जाते: आधीच्या जनगणनेतला कोहॉर्ट जगण्याच्या गुणोत्तराने पुढे आणायचा, प्रत्यक्ष मोजणीशी तुलना करायची आणि जो फरक उरेल त्याला स्थलांतर म्हणायचे. या रीतीने आपल्या प्रदेशात १०–१४ वयाच्या सुमारे ३,२०० मुली "बाहेरून आल्या" असे निघते. मग हा दर भविष्यातही लावला जातो आणि पोरीबाळी दरवर्षी प्रदेशात येत राहतात, आईवडिलांशिवाय. तिथेच खूण सापडते. कुटुंबे खरोखर आली असती तर तिशी-चाळिशीतल्या स्त्रियांच्या गटांतही तसाच फुगवटा दिसला असता. फुगवटा फक्त मुलांत असेल तर तो मोजणीतला फरक आहे.

आणखी एक शक्यता तपासावी लागते. मुली सुटल्या नसतील, त्यांचे वय वाढवून सांगितले गेले असेल: चार वर्षांच्या मुलीला पाच. तसे असेल तर ०–४ मध्ये भर घालताना ५–९ मधून तेवढ्याच कमी करायला हव्यात, नाहीतर त्याच मुली दोनदा मोजल्या जातील. यासाठी पाच वर्षांचे गट बाजूला ठेवून एकेका वयाचे आकडे पाहावे लागतात. चारला खड्डा आणि पाचला उंचवटा असेल तर वय सरकवलेले आहे. इथे खड्डा शून्य, एक आणि दोन या वयांत आहे आणि पाचला उंचवटा नाही. शिवाय ५–९ वरून काढलेला दर पाहणीशी जुळलाच आहे. मुली सुटल्या, हा निष्कर्ष टिकतो. पायाभूत आकडा ४१,००० घ्यायचा आणि एकूण स्त्रिया ४,६३,०००.

आता प्रक्षेपण चालवू. सगळे गट एक पायरी वर सरकवले की तळाची ओळ रिकामी होते आणि पुढच्या पाच वर्षांचे जन्म काढावे लागतात. त्यासाठी भविष्यातला प्रजनन दर गृहीत धरावा लागतो. गेल्या पाच वर्षांत दर २.६१ वरून २.२ वर आला, म्हणजे सुमारे ०.४ ने. इथे गृहीतक असे घेतले की पुढची घसरण याच्या निम्मी होईल आणि मग दर स्थिर राहील. म्हणजे २.०. हे गृहीतक बरोबरच आहे असा माझा दावा नाही, पण ते वाजवी आहे आणि पुढची तुलना त्यावर स्वच्छ होते.

२.० दराचे वयनिहाय वाटप असे: १५–१९ मध्ये दर स्त्रीमागे वर्षाला ०.०३०, २०–२४ मध्ये ०.१५०, २५–२९ मध्ये ०.१३०, ३०–३४ मध्ये ०.०६०, पुढे ०.०२२, ०.००७ आणि ०.००१. बेरीज ०.४००, पाच वर्षांनी गुणले की २.०. हे दर कोणत्या स्त्रियांना लावायचे, तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या संख्येच्या सरासरीला. २०–२४ मध्ये सुरुवातीला ४४,००० आहेत, पाच वर्षांनी खालून आलेल्या ४५,७७० असतील, सरासरी ४४,८८५. सगळे गट धरून वर्षाला १६,९५९ जन्म होतात. फक्त सुरुवातीच्या संख्येवर हिशेब केला असता तर १६,४८४ आले असते. पाच वर्षांत जवळपास २,४०० मुलांचा फरक, केवळ सरासरी घ्यायची राहिली म्हणून.

पाच वर्षांत ८४,७९३ जन्म. त्यात ४१,३६२ मुली. त्यांपैकी पाचव्या वर्षी हयात ३९,९१५. ही झाली नवी तळाची ओळ. सगळा स्तंभ जोडला की पाचव्या वर्षी ४,९०,०५९ स्त्रिया होतात. म्हणजे प्रजनन दर दोनवर, एका स्त्रीची जागा एक मुलगी घेईल या पातळीच्याही खाली, आणि तरी स्त्रिया पाच वर्षांत २७,००० नी वाढल्या. यात गूढ काही नाही. आया होण्याच्या वयात आज मोठे कोहॉर्ट आहेत आणि म्हातारपणाच्या पायऱ्यांवर लहान. एकूण दर पाहून हे कळत नाही, वयोरचना पाहिली की लगेच कळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू: तळाचा आकडा न सुधारता ३८,००० च घेतला असता तर काय झाले असते? पहिले उत्तर सोपे. ३,००० मुलींची पोकळी कोहॉर्टबरोबर चढत गेली असती. पाचव्या वर्षी ५–९ मध्ये २,९७०, दहाव्या वर्षी १०–१४ मध्ये २,९६१. ती भरून निघत नाही आणि पसरतही नाही, तिरकी वर सरकते. प्रक्षेपणाचा तक्ता नेहमी तिरका वाचावा असे मी सांगतो ते यासाठी. आडव्या ओळीत किंवा उभ्या स्तंभात ही पोकळी नजरेतून निसटते, तिरप्या रेषेत ती पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत स्पष्ट दिसते.

पण मोठे नुकसान दुसऱ्या वाटेने होते. अनेक ठिकाणी प्रजनन दराची स्वतंत्र पाहणी नसते. मग दर त्याच जनगणनेतल्या मुलांवरून, वर केले तसे मागे जाऊन, काढला जातो. आपल्या प्रदेशात तसे केले असते तर गेल्या पाच वर्षांचा दर २.२ ऐवजी २.०४ मिळाला असता. घसरण ०.४१ ऐवजी ०.५७ दिसली असती. आणि "पुढची घसरण निम्मी" हेच गृहीतक, अगदी तसेच, लावले असते तर भविष्यातला दर २.० ऐवजी १.७५ आला असता. गृहीतक एकच, सूत्र एकच. सुटलेल्या मुलींनी आधी पाया खचवला आणि मग कलही वाकवला.

दहाव्या वर्षी ५ ते १४ वयाच्या मुलींचे, म्हणजे शाळेच्या वयाचे, चित्र असे दिसते:

| वयोगट (१० वे वर्ष) | सुधारित पाया, दर २.० | न सुधारलेला पाया, दर १.७५ | फरक |
|---|---|---|---|
| ५–९ | ३९,५१६ | ३४,५७६ | ४,९४० |
| १०–१४ | ४०,४६८ | ३७,५०७ | २,९६१ |
| एकूण ५–१४ | ७९,९८४ | ७२,०८३ | ७,९०१ |

जवळपास १० टक्के मुली कमी, आणि मुलांचा स्तंभही असाच. या तक्त्यावर विसंबून वर्ग बांधले तर दर दहा मुलींपैकी एकीसाठी बाक नसेल. फरकाचे दोन भाग वेगवेगळे पाहा. १०–१४ मधले २,९६१ मोजणीतून सुटलेल्या मुलींचे आहेत, त्या प्रत्यक्षात प्रदेशात राहतात. ५–९ मधले ४,९४० हे अजून न जन्मलेल्या मुलींचे आहेत, ते वाकलेल्या कलातून आले. दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा आहे. ०–४ मधली मोजणी तपासताना लोक पहिल्या भागाचीच काळजी करतात.

याउलट वरच्या पायऱ्या पाहा. ६५ च्या पुढच्या स्त्रिया शून्य वर्षी २४,५०० आहेत, दहाव्या वर्षी ३७,५४७ होतात. दहा वर्षांत दीडपटीहून जास्त. हा आकडा दोन्ही प्रक्षेपणांत अक्षरशः एकच आहे, कारण त्या स्त्रिया आज पंचावन्नच्या पुढे आहेत आणि प्रजननाच्या गृहीतकाचा त्यांना स्पर्शही होत नाही. त्यांच्या बाबतीत फक्त मृत्युदर आणि मोठ्या वयात वाढवून सांगितलेली वये यांचीच काळजी करायची. एकाच तक्त्यात काही घरे इतकी भरवशाची आणि काही इतकी नाजूक असतात. सगळ्या घरांना एकच "अंदाज" असे नाव देऊन छापणे हे वाचणाऱ्यावर अन्याय करणारे आहे. दहा वर्षांच्या प्रक्षेपणात दहा वर्षांच्या खालचे आकडे वेगळ्या रंगात दाखवावेत, असा माझा आग्रह असतो. त्या रेषेच्या वर सगळी माणसे आज जिवंत आहेत, खाली गृहीतकाची मुले आहेत.

क्षितिज दहा वर्षांऐवजी तीस वर्षांचे असेल तर पोकळी आणखी एकदा परतते. ज्या ३,००० मुली आज सुटल्या त्या विसाव्या वर्षाच्या सुमारास २०–२४ मध्ये येतात आणि आया होऊ लागतात. कागदावर त्या नसल्या तर त्यांची मुलेही नसतात. दर २.० धरला तर एकट्या या पोकळीमुळे दहा ते पंधरा या वर्षांत सुमारे २२० जन्म कमी मोजले जातात, पंधरा ते वीसमध्ये १,३२०, वीस ते पंचविसात २,०५०, त्यानंतरच्या पाच वर्षांत १,३८०. मग लाट ओसरते. तळाशी पुन्हा एक खड्डा तयार होतो, पहिल्यापेक्षा उथळ आणि रुंद, कारण स्त्रिया एकाच वयात आया होत नाहीत. हा खड्डा लांबून पाहणाऱ्याला प्रजनन दर पुन्हा घसरल्यासारखा वाटतो, जरी दर तक्त्यात स्थिर ठेवलेला असतो. प्रक्षेपणात दर न बदलता जन्मांच्या संख्येत वीस-पंचवीस वर्षांनी चढउतार दिसले, तर आज आया होण्याच्या आधीच्या वयात असलेले कोहॉर्ट तपासावेत. कधी तो चढउतार खरा असतो, एखाद्या मोठ्या किंवा लहान पिढीचा पडसाद. कधी तो मोजणीतल्या दोषाचा असतो. गणिताला दोन्ही सारखेच.

या प्रकरणात सुधारणेलाही मर्यादा आहे, ती नोंदवायलाच हवी. ४१,००० हा आकडा जीवन सारणीवर टेकलेला आहे. बालमृत्यूचे प्रमाण सारणीत कमी धरले गेले असेल तर ०.९६५ हे गुणोत्तर जास्त ठरेल आणि पोकळीचा काही भाग सुटलेल्या मुलींचा नसून दगावलेल्या मुलींचा असेल. हे गुणोत्तर ०.९५ धरले तर अपेक्षित मुली ४०,४०० च्या आसपास येतात, म्हणजे ३,००० ऐवजी २,४०० चा फरक. पोकळी तरीही राहते, फक्त लहान होते. ती पूर्ण नाहीशी व्हायला गुणोत्तर ०.९० च्याही खाली जावे लागेल, आणि तसे असते तर ५–९ मधल्या मुलींवरून काढलेला दर पाहणीशी जुळला नसता. म्हणून मी सुधारणा करतो, पण ४०,४०० ते ४१,००० अशी पट्टी देऊन. स्थलांतर खरोखर नगण्य आहे की नाही, हेही याच पट्टीबरोबर लिहून ठेवायचे.

पुढची जनगणना दहाव्या वर्षी होईल तेव्हा सगळ्यात आधी १०–१४ चे घर पाहायचे. तिथे ४०,५०० च्या जवळपास मुली मोजल्या गेल्या तर सुधारणा बरोबर होती. ३७,५०० च्या जवळ आल्या तर ३८,००० हाच आकडा खरा होता आणि पाहणीच्या दरांकडे नव्याने पाहावे लागेल. प्रजनन दराच्या गृहीतकाचा निकाल ५–९ च्या घरात लागेल. त्याच जनगणनेतले ०–४ चे घर मात्र यासाठी वापरायचे नाही. त्यातही मुली सुटलेल्या असतील, आणि त्या किती ते कळायला आणखी दहा वर्षे लागतील.